बस शाळेचीच आहे

ऑगस्ट २०२५ मधील एका रविवारी सकाळी एक परिचित दांपत्य माझ्या दिल्लीतील घरी आले. मूळचे नाशिकचे. तो केंद्र शासनाच्या एका कार्यालयात लेखा विभागात आहे व दोन वर्षांपूर्वी बदली होऊन इथे आला. ती घरी बसून भाषांतराचे काम करते. मुलगा दहा वर्षांचा, इयत्ता पाचवीत. चहा येण्यापूर्वीच तिने पिशवीतून हाताने लिहिलेले पाच पानी पत्र काढले आणि म्हणाली, "काका, हे प्रिन्सिपल मॅडमना लिहिलंय. पण पत्रानं काही होत नाही असं सगळेच सांगतात. तुम्ही शिक्षण खात्यात कुणाला तरी एक फोन कराल का?"

फोन मी केला नाही. आयुष्याची पस्तीस वर्षे शासकीय सेवेत घालवलेल्या माणसाकडून एवढे साधे काम होऊ नये, याचे त्या दोघांना वाईट वाटले असणार. फोन का केला नाही आणि त्याऐवजी आम्ही तिघांनी मिळून काय केले, ते येथे मांडतो. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या अनेक मराठी पालकांवर हा प्रसंग येतो, आणि बहुतेकजण एक तर गप्प बसतात किंवा एखादा ओळखीचा अधिकारी शोधतात. माझ्या मते दोन्ही मार्ग चुकीचे आहेत.

आधी मुलाचे काय झाले ते सांगतो. शाळा सुटल्यावर बस दोन वाजून दहा मिनिटांनी निघते आणि त्याच्या थांब्यावर पोचायला चाळीस मिनिटे लागतात. बसमध्ये तिसरीपासून दहावीपर्यंतची मुले. मागच्या दोन रांगा मोठ्या मुलांच्या, हा अलिखित नियम. मधल्या रांगांत जागा मिळेल तशी लहान मुले. सर्वांत पुढे चालकामागच्या आसनावर अटेंडंट बाई, ज्यांना मुले दीदी म्हणतात. दिवसभरात शाळेच्या प्रत्येक तासाला वर्गात शिक्षक असतो, मधल्या सुट्टीत मैदानावर पी.टी.चे सर असतात. ही चाळीस मिनिटे मात्र अशी की, जिथे सात वर्षांच्या फरकाची मुले एका बंद पेटीत बसलेली आहेत आणि ज्याच्या शब्दाला वजन आहे असा एकही मोठा माणूस नाही. दीदींना आठ हजार रुपये मिळतात, नेमणूक कंत्राटदाराची, आणि आठवीतला मुलगा त्यांना एकेरीत बोलतो. त्यांनी पाठीमागे वळून पाहिले नाही याचा मला राग आला, पण आश्चर्य वाटले नाही.

सुरुवात बोलण्यावरून झाली. मुलगा हिंदीत 'मुझे' ऐवजी 'मेरेको' म्हणतो, म्हणून त्याचे नाव 'वडापाव' पडले. इथपर्यंत चेष्टाच होती आणि तोही हसत असे. जूनची सुट्टी संपल्यानंतर मात्र आठवीतल्या दोघांनी त्याला रोजचे गिऱ्हाईक केले. घरात याची चिन्हे दिसत होती, पण ती निराळ्याच रूपात. मुलगा शाळेत पाणी पिणे बंद करून बाटली भरलेलीच परत आणू लागला. कारण बसमध्ये लघवीला लागली तर काय होईल, ही भीती. सकाळी बसच्या वेळेला पोटात दुखू लागे, शनिवारी-रविवारी दुखत नसे. बाबांनी स्कूटरवर सोडायचे कबूल केले की नाश्ता पूर्ण संपे. आईने हे सगळे पाहिले होते, आणि अभ्यासाचा कंटाळा अशी त्याची समजूत करून घेतली होती. हे ती स्वतः सांगताना रडली.

वर्गशिक्षिकेला ती भेटली तेव्हा उत्तर मिळाले, "वर्गात तर तो अगदी आनंदी असतो, बसचं तुम्ही ट्रान्सपोर्ट इनचार्जना विचारा." ट्रान्सपोर्ट इनचार्ज म्हणाले, "बस कंत्राटदाराची आहे, आम्ही फक्त मार्ग ठरवतो. मुलांच्या भांडणाचं तुम्ही वर्गशिक्षिकेला सांगा." हे संभाषण ऐकले आणि मला माझी सगळी नोकरी आठवली. टेबल क्रमांक चार सांगतो की सातकडे जा, आणि सात सांगतो की चारकडे जा. प्रशासनात याला टोलवाटोलवी म्हणतात. दोन टेबलांच्या मध्ये दहा वर्षांचा मुलगा उभा असला तरी तिचे स्वरूप बदलत नाही.

बस कुणाची, या प्रश्नाचे उत्तर खरे तर याच दिल्ली शहराने फार मोठी किंमत देऊन मिळवलेले आहे. १८ नोव्हेंबर १९९७ रोजी वजिराबाद येथे विद्यार्थ्यांनी खच्चून भरलेली शाळेची बस पुलावरून यमुनेत कोसळली आणि अठ्ठावीस मुले दगावली. त्यानंतर महिन्याभरात, १६ डिसेंबर १९९७ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता प्रकरणात शालेय बसबाबत निर्देश दिले. चालकाचा अनुभव, बसवरील ठळक अक्षरे इत्यादी गोष्टी पुढे सर्वांना ठाऊक झाल्या. त्या निर्देशांतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट मात्र एक साधा शब्दप्रयोग आहे : शैक्षणिक संस्थेच्या मालकीची किंवा संस्थेने भाड्याने घेतलेली बस. न्यायालयाने या दोहोंत भेद केला नाही. करारपत्रावर सही शाळेची, मार्ग शाळा ठरवते, भाडे बहुधा शाळेच्याच शुल्कपावतीवर छापलेले असते. अशा बसमध्ये काही घडले की ती एकाएकी कंत्राटदाराची होते, हा युक्तिवाद पैसे घेताना का आठवत नाही, हे कोणत्याही प्राचार्यांना नम्रपणे विचारावे.

तरीही एक गोष्ट शाळेच्या बाजूने मान्य केली पाहिजे. बसच्या सुरक्षिततेचा आपल्याकडे जो विचार झाला तो जवळजवळ सगळा अपघाताचा आणि परक्या माणसाचा झाला. ब्रेक, वेगनियंत्रक, खिडकीचे गज, चालकाची पोलीस पडताळणी. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राम येथील एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाची हत्या झाली. तेव्हा पोलिसांनी प्रथम पकडले ते बसच्या कंडक्टरला. दोन महिन्यांनी केंद्रीय अन्वेषण विभागाने त्याच शाळेतील अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतले आणि पुढे कंडक्टरची आरोपातून मुक्तता झाली. त्या प्रकरणाच्या न्यायालयीन बाजूत मी शिरत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, आपली नजर आधी कुणाकडे वळते. लहान मुलाला धोका दुसऱ्या विद्यार्थ्याकडून असू शकतो, हे आपल्याला सुचतच नाही. सुचले तरी आपण त्याला मस्ती म्हणतो.

मग नियमच नाहीत का? आहेत, आणि दुखणे नेमके तिथे आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मार्च २०१५ मध्ये शाळांमधील दमदाटी व रॅगिंग रोखण्याचे परिपत्रक काढले व संलग्न शाळांत त्यासाठी समिती असावी असे सांगितले. त्याच मंडळाने फेब्रुवारी २०१७ मध्ये शालेय बसविषयी दुसरे परिपत्रक काढले, ज्यात सीसीटीव्ही, जीपीएस, महिला अटेंडंट अशा अपेक्षा आहेत. दोन्ही कागद चांगले आहेत. परंतु पहिला कागद शाळेत समुपदेशकाच्या फायलीत लागतो आणि दुसरा ट्रान्सपोर्ट इनचार्जच्या. समितीच्या दृष्टीने दमदाटी म्हणजे वर्ग, व्हरांडा, वसतिगृह. वाहतूक विभागाच्या दृष्टीने बस म्हणजे टायर आणि विमा. बसमधली दमदाटी दोन्ही फायलींत बसत नाही. या मुलाच्या बाबतीत मला कुणाची दुष्टबुद्धी दिसली नाही, दिसल्या त्या दोन न भेटणाऱ्या फायली. (महाराष्ट्राने २०११ च्या स्कूल बस नियमांत प्रत्येक शाळेसाठी परिवहन समिती ठेवली, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष आणि पालकांचा प्रतिनिधी तिचा सदस्य. तिथे तरी या फायली एका टेबलावर येऊ शकतात. येतात का, हे तिकडच्या वाचकांनी आपल्या शाळेत इतिवृत्त मागून पाहावे.)

या दोन फायलींना एकत्र आणणारी एकच व्यक्ती शाळेत असते, ती म्हणजे प्राचार्या. आणि प्राचार्यांच्या टेबलावर ही गोष्ट आणणारी एकच वस्तू असते, ती म्हणजे त्यांच्या नावे आलेले, दिनांक असलेले, आवक क्रमांक पडलेले पत्र. फोनला मी विरोध करतो तो यासाठी. मी शिक्षण खात्यात कुणाला फोन केला असता तर कदाचित तासाभरात काम झाले असते. त्या दोन मुलांना बोलावून दरडावले असते, आमच्या मुलाला दीदींच्या शेजारी बसवले असते. पण शाळेत त्याची एकही नोंद झाली नसती. पुढच्या वर्षी तेच दोघे नववीत जाऊन दुसरा कुणी गाठतात, आणि त्या मुलाच्या आईबापांची कुठे ओळख नसते. तेव्हा शाळा प्रामाणिकपणे सांगू शकते की, अशी तक्रार यापूर्वी कधी आली नाही. अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी झालेले फोन हे इतर मुलांच्या तक्रारींचे मूल्य कमी करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. याच कारणासाठी मुलाच्या वडिलांनी कार्यालयाच्या शीर्षकपत्रावर लिहायची तयारी दाखवली तेव्हा मी त्यांना थांबवले. तो नियमभंग आहेच, शिवाय त्यामुळे पत्र पालकाचे न राहता खात्याचे होते.

आता त्या पाच पानी पत्राविषयी. त्यात सर्व काही होते आणि तरी कारवाई करता येईल असे काही नव्हते. 'गेले कित्येक दिवस', 'काही गुंड मुले', 'संस्कारांचा अभाव', 'माझ्या मुलाचे बालपण हिरावले जात आहे'. चौथ्या पानावर मध्येच कुठेतरी असे वाक्य होते की, एक दिवस तो थांब्यावर उतरलाच नाही. मी थबकलो. विचारले तेव्हा कळले की, त्या दोघांनी त्याच्या दप्तराचा पट्टा आसनाच्या दांडीला बांधला होता. तो सोडवीपर्यंत थांबा गेला, आणि दीदींनी त्याला पुढच्या थांब्यावर एकट्याला उतरवले. सुमारे आठशे मीटर अंतर, मध्ये वाहता रस्ता. आईने घाबरून दीदींना फोन केला होता आणि तो तिच्या मोबाईलमध्ये वेळेसह नोंदलेला होता. संपूर्ण पत्रातील सर्वांत गंभीर आणि सर्वांत सहज सिद्ध होणारी घटना संस्कारांच्या विवेचनाखाली दबून गेली होती.

आम्ही मुलाला शेजारी बसवले. 'तुला कोण त्रास देतं?' असे विचारले की मुले गप्प होतात. 'बस सुटल्यावर तू कुठे बसलास? शेजारी कोण होतं? मग काय झालं?' असे क्रमाने विचारले तेव्हा त्याने दोन आठवड्यांतील तीन दिवस नीट सांगितले. जे त्याला नक्की आठवेना ते आम्ही सोडून दिले. दुपारपर्यंत पाच पानांचे दीड पान झाले. मूळ पत्र इंग्रजीत गेले, येथे मराठीत देतो. नावे अर्थातच काढली आहेत.

"माननीय प्राचार्या,

विषय : इयत्ता ५ वीतील विद्यार्थ्याचा शालेय बसमध्ये होत असलेला छळ. चौकशी व तातडीच्या उपायांबाबत.

महोदया,

माझा मुलगा आपल्या शाळेत इयत्ता ५ वी 'ब' मध्ये शिकतो व परतीच्या प्रवासासाठी शाळेच्या बसने येतो. मार्ग क्रमांक व थांबा वर नमूद केला आहे. पुढील तीन घटना त्याने आम्हांस सांगितल्या आहेत.

२९ जुलै रोजी बस सुटल्यानंतर इयत्ता ८ वीतील दोन विद्यार्थ्यांनी (नावे सोबतच्या बंद पाकिटात) त्याच्या आसनावर पाणी ओतले, त्यास त्यावर बसण्यास भाग पाडले व त्याने कपडे ओले केले असे इतरांना ओरडून सांगितले. तो घरी आला तेव्हा त्याची पँट ओली होती, हे मी स्वतः पाहिले.

१ ऑगस्ट रोजी याच विद्यार्थ्यांनी त्याच्या दप्तराचा पट्टा आसनाच्या दांडीस बांधल्याने तो आपल्या थांब्यावर उतरू शकला नाही. अटेंडंटने त्यास पुढील थांब्यावर एकट्यास उतरविले. मी २ वाजून ५२ मिनिटांनी अटेंडंटला केलेल्या फोनची नोंद सोबत जोडली आहे. बसच्या जीपीएस नोंदीवरून दोन्ही थांब्यांच्या वेळा पडताळता येतील.

६ ऑगस्ट रोजी त्याचे बूट काढून घेऊन आसनांवरून फेकण्यात आले व मानेवर चापट मारण्यात आली. त्याच्या वर्गातील एक विद्यार्थिनी शेजारच्या आसनावर होती. तिच्या पालकांच्या संमतीने तिला विचारता येईल.

याविषयी मी ७ ऑगस्ट रोजी वर्गशिक्षिका व ट्रान्सपोर्ट इनचार्ज यांना प्रत्यक्ष भेटले. दोघांनी मला एकमेकांकडे पाठविले.

माझ्या विनंत्या अशा. बसमधील सीसीटीव्हीचे २८ जुलैपासूनचे चित्रण आजच जतन करण्याचे आदेश द्यावेत. चित्रणाची प्रत मला नको, ते आपण पाहावे. चौकशी होईपर्यंत सदर दोन विद्यार्थ्यांची आसने पहिल्या रांगेत अटेंडंटजवळ ठेवावीत. माझ्या मुलाची बस अथवा आसन बदलू नये. प्रकरण शाळेच्या दमदाटी प्रतिबंधक समितीपुढे ठेवून, १ ऑगस्ट रोजी मुलास एकट्यास उतरविल्याबद्दल बस कंत्राटदाराकडून लेखी खुलासा घ्यावा. मुलांना समोरासमोर आणून माफी मागण्यास अथवा हात मिळविण्यास सांगू नये. केलेली कारवाई मला सात कार्यदिवसांत लेखी कळवावी.

त्या दोन विद्यार्थ्यांना शाळेतून काढावे अशी माझी मागणी नाही."

पत्र सोमवारी, ११ ऑगस्टला, आईने स्वतः नेऊन दिले आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांकासह पोच घेतली. कारकुनाने 'ठेवून जा, मॅडमना देतो' म्हटले तेव्हा ती वीस मिनिटे तिथेच बसून राहिली. त्याच दुपारी तेच पत्र तिने शाळेच्या अधिकृत ईमेलवरही पाठवले.

पत्रातील काही निवडींचा खुलासा करतो, कारण त्यावरून आमच्या तिघांतही वाद झाला. वडिलांना त्या मुलांना शाळेतून काढायलाच हवे होते. मी त्यांना शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ दाखवले. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ज्याला कायद्याने मनाई आहे तीच मागणी केली की प्राचार्यांना सुटका सोपी होते. त्या एका मुद्द्यावर नकार देतात आणि तेवढ्यात बाकी सगळे मुद्देही गळतात. बसची सोय मात्र काही काळ काढून घेणे, आसन बदलणे, पालकांना लेखी ताकीद देणे हे पूर्णपणे त्यांच्या अधिकारात असते. तेच मागावे.

आसनाचा मुद्दा आईला क्षुल्लक वाटत होता. तिचे म्हणणे, "माझाच मुलगा पुढे बसू दे, निदान सुरक्षित तरी राहील." प्रत्येक शाळा प्रथम हाच तोडगा देते, कारण त्यात कुणाच्याही पालकांचा रोष ओढवत नाही. पण बसमधली साठ मुले त्यातून शिकतात ते असे की, तक्रार करणाऱ्याची जागा जाते. माफीचा कार्यक्रम याच जातीचा. प्राचार्यांच्या खोलीत हात मिळवून झाल्यावर दोन वाजून दहा मिनिटांनी तीच मुले त्याच बसमध्ये चढतात.

आणखी एक मर्यादा सांगणे आवश्यक आहे. सात दिवसांची मुदत या प्रकरणात योग्य होती, कारण प्रकार दमदाटी आणि मारहाणीचा होता. मुलाच्या सांगण्यात लैंगिक स्वरूपाच्या स्पर्शाचा किंवा कपडे उतरवण्याचा उल्लेख आला असता तर हे पत्रच निराळे झाले असते. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. तिथे शाळेच्या समितीने आधी चौकशी करू, मग बघू, असे म्हणण्यास जागा नाही. पालकांनीही तिथे प्राचार्यांच्या उत्तराची वाट पाहू नये, १०९८ हा चाइल्डलाइनचा क्रमांक लावावा किंवा सरळ पोलीस ठाण्यात जावे.

पुढे काय झाले? प्राचार्यांनी दुसऱ्याच दिवशी आईला बोलावले आणि अर्धा तास त्या चांगल्या बोलल्या. म्हणाल्या, "तुम्ही आधी मला येऊन भेटायचं होतं. पत्र म्हणजे उगाच औपचारिक होतं सगळं." आईने मान्य केले की औपचारिक होते, आणि लेखी उत्तराची आठवण दिली. या बाईंविषयी माझ्या मनात कटुता नाही. तीस-बत्तीस बसेस, दोन-अडीच हजार मुले आणि प्रत्येक आठवड्याला एखादी तपासणी, असा तो संसार आहे. पण 'आधी भेटायचं होतं' याचा प्रशासकीय अर्थ 'नोंद व्हायला नको होती' असा होतो, हे मी स्वतः खुर्चीत बसून पुष्कळदा अनुभवले आहे. लोकांना हेच वाक्य मीही ऐकवले आहे.

चित्रण जतन करण्यासाठी तंत्रज्ञ आला तो १८ ऑगस्टला. यंत्रात पंधरा दिवसांचेच चित्रण राहते, त्यानंतर त्यावर नवे चढते. त्यामुळे पहिल्या दोन घटना पुसल्या गेल्या होत्या. पत्रात 'आजच' हा शब्द होता, तो सात दिवस टेबलावर पडून राहिला. ६ ऑगस्टचे चित्रण मिळाले, पण एकुलता एक कॅमेरा पुढच्या दारावर बसवलेला, त्यात चालक, दार आणि आसनांच्या उंच पाठी दिसतात. मागच्या चार रांगांतले काहीच दिसत नाही. दिसला तो एक बूट, आसनांवरून उडत पुढे येणारा. आणि दिसल्या दीदी. त्यांनी वळून पाहिले, बूट उचलून दाराजवळ ठेवला आणि पुन्हा समोर पाहू लागल्या.

१ ऑगस्टची घटना मात्र चित्रणाशिवायही टिकली. जीपीएसच्या नोंदीत दोन्ही थांब्यांच्या वेळा होत्या, आईचा फोन होता, आणि कंत्राटदाराला लेखी विचारताच त्याने मुलगा एकटा उतरवल्याचे कबूल केले. मुळात हाच धागा धरल्यामुळे शाळेला पुढे जाणे भाग पडले. शेजारच्या मुलीनेही आईसमोर समुपदेशकांना सगळे सांगितले. लेखी उत्तर नवव्या कार्यदिवशी आले. दोन्ही विद्यार्थ्यांची बससेवा एक महिना बंद, पालकांना ताकीदपत्र, आसनांचा तक्ता लागू, आणि त्या मार्गावर राहणाऱ्या एका शिक्षिकेला मागच्या दरवाजाशेजारी बसण्याची सूचना.

दीदींना कंत्राटदाराने कामावरून काढले. आम्ही हे मागितले नव्हते. आईने प्राचार्यांना दुसरे छोटे पत्र लिहून विचारले की, अटेंडंटने गैरप्रकार पाहिल्यास कुणाला कळवावे याची कोणती सूचना त्यांना कधी दिली होती. त्याचे उत्तर आले नाही. चौकशीत असेही निघाले की, त्या दोघांपैकी एकाला तो चौथीत असताना याच बसमध्ये मागच्या रांगेतल्यांनी असेच छळले होते. त्याच्या वडिलांनी तेव्हा ट्रान्सपोर्ट इनचार्जना फोन केला होता. शाळेकडे त्याची नोंद नाही.

शिक्षिका सहा आठवडे मागे बसल्या. दिवाळीनंतर त्यांनी सांगितले की, दिवसभर शिकवून झाल्यावर हे चाळीस मिनिटांचे काम विनामोबदला का करावे. त्यांचा प्रश्न रास्त आहे. कंत्राटात अटेंडंटच्या वेतनाची व प्रशिक्षणाची अट घालणे आणि मागच्या बाजूला दुसरा कॅमेरा बसवणे, या दोन गोष्टींसाठी आईने त्याच मार्गावरील अकरा पालकांच्या सह्यांचे पत्र दिले आहे. कॅमेरा बसला. कंत्राटाचे नूतनीकरण मार्चमध्ये व्हायचे असते, म्हणून नव्या करारात ती अट आहे का, हे ती एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात लेखी विचारणार आहे. समितीच्या बैठकीच्या इतिवृत्ताची मागणीही तिने केली होती. ते मिळाले नाही तर पुढचे पत्र शिक्षण संचालनालयाच्या जिल्हा कार्यालयास आणि मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयास जाईल, पहिल्या पत्राची पोच जोडून.

मुलगा बसनेच जातो. पाण्याची बाटली आता अर्धी रिकामी होऊन येते.